दोन कॉलम, दहा सेंटिमीटर : जमिनीच्या जाहीर नोटिशीची आखणी

आज आपण एकच जाहिरात घेऊ. पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीसारख्या गावात जमीन विकत घेताना वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात ना, ती. समजा, मौजे कामथडी, तालुका भोर इथल्या एका गटाचा व्यवहार ठरतो आहे आणि कुणाची हरकत असेल तर ती आपल्याला कळायला हवी.

आधी जागा ठरवू. मोठ्या आकाराच्या दैनिकाचं पान साधारण आठ कॉलमांचं असतं आणि एक कॉलम जवळपास चार सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच नोटीस ८ × १० = ८० चौरस सेंटिमीटर झाली. दर चौरस सेंटिमीटरवर असेल, तर याच आकड्याला गुणायचं. छोट्या जाहिरातींत शब्दांवर किंवा ओळींवर पैसे लागतात. तिथे चतुःसीमा महाग पडते.

आता मजकूर बसतो का, ते पाहू. वरचे दोन सेंटिमीटर मथळ्याला, खालचे दोन नाव-पत्त्याला. उरले सहा. एका ओळीला चार मिलिमीटर धरले तर पंधरा ओळी होतात. ओळीत आठ शब्द, म्हणजे एकशेवीस शब्द. एवढ्यात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, मालकाचं नाव, व्यवहाराचा प्रकार आणि मुदत बसवायची. मुदत बहुधा प्रसिद्धीपासून पंधरा दिवसांची देतात. शब्द जास्त झाले तर ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ यासारखी वाक्यं आधी काढा, चतुःसीमेला हात लावू नका. पैसे वाचवायला उंची कमी केली की अक्षर बारीक होतं, आणि ज्या म्हाताऱ्या हिस्सेदारासाठी नोटीस आहे त्यालाच ती वाचता येत नाही.

संपर्काची ओळ तर फारच जपायची. हरकत लेखी, कागदपत्रांसह यायची असते; नुसता मोबाइल नंबर पुरत नाही. वकिलाचं नाव, टपाल पोचेल असा पत्ता, पिनकोड, मग मोबाइल नंबर पाच-पाच अंकांत तोडून. प्रूफ हाती आलं की गट क्रमांक सातबाऱ्याशी अंकाअंकाने ताडून पाहा. ३१२ चं ३२१ झालं, तर नोटीस दुसऱ्याच्याच जमिनीची झाली!

आवृत्तीही विचारून घ्या. शहर आवृत्ती भोरकडे येईलच असं नाही. उलट कामथडीचे वारस पुण्या-मुंबईत असतील, तर नुसती ग्रामीण आवृत्ती त्यांना दिसणार नाही.

आणि एक मर्यादा. हरकत आली नाही म्हणून गप्प राहिलेल्याचा हक्क संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४१ मध्ये, दिसायला मालक असलेल्याकडून घेणाऱ्याने वाजवी काळजी घेतली होती का, हा प्रश्न येतो. नोटीस हा त्या काळजीचा एक पुरावा. पण पत्ताच चुकीचा छापला असेल, तर आपण खरोखर विचारलं होतं, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?