रात्रीचे दोघे आणि अरुंद पॅसेज

28 एप्रिल 2021 च्या पहाटे मुंब्र्यातल्या प्राइम क्रिटिकेअर रुग्णालयात आग लागली. रुग्णांना दुसरीकडे हलवताना चौघे दगावले. वृद्धाश्रमातही धोका हाच असतो: माणसं स्वतः उठून चालू शकत नाहीत.

समजा, डोंबिवलीत इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आश्रम आहे. आठ आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले, रात्री दोनच मदतनीस. एकाला उचलून खुर्चीत बसवून हलवायला दोघांना दोन मिनिटं लागली, तरी आठांना सोळा मिनिटं होतात. पॅसेज त्याआधीच धुरानं भरतो. लिफ्ट वापरायची नाही, जिन्यावरून व्हीलचेअर उतरत नाही. म्हणून आधी त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दारापलीकडे न्यायचं, दार लावून घ्यायचं, 101 ला कळवायचं. असं दार नसेल, तर दोघांवर आठ जण सोपवणं मला मान्य नाही.

आता औषधांची ट्रॉली. पॅसेज 120 सेंटिमीटर, भिंतीला लावलेली ट्रॉली 50. उरले 70. व्हीलचेअर साधारण 65 ची. चाकं फिरवणारे हात धरले की अडकतेच. शिवाय ट्रॉलीवर स्पिरिट, सॅनिटायझर असतं. रात्रीची औषधं देऊन झाली की ट्रॉली खोलीत, दाराआड. भेटीला जाल तेव्हा रात्री नऊनंतर जा आणि पॅसेज पाहा.