वारा आणि कंपनाच्या कात्रीत ड्रोन

चार पंख्यांचा ड्रोन हवेत एका जागी स्थिर राहतो तेव्हा त्याचा नियंत्रक क्षणाक्षणाला एकच काम करत असतो. ड्रोन किती वेगाने कलतोय हे जायरो सेन्सरकडून घ्यायचं, हव्या त्या वेगाशी ताडायचं आणि फरक दिसला की मोटारींचा जोर बदलायचा. अडचण अशी, की वारा ड्रोनला खरोखर कलवतो; पंख्यांच्या कंपनाने मात्र ड्रोन फारसा न कलताच सेन्सरचा आकडा थरथरतो. नियंत्रकाला दोन्ही सारखेच दिसतात.

फरकाला किती जोराने उत्तर मिळतं, ते मोजणारा आकडा म्हणजे लूप गेन, L. वाऱ्याच्या परिणामाचा किती भाग शिल्लक राहतो, हे संवेदनशीलता फलन सांगतं: S = 1/(1+L). सेन्सरच्या खोट्या आकड्याचा किती भाग ड्रोनच्या हालचालीत उतरतो, हे पूरक संवेदनशीलता फलन सांगतं: T = L/(1+L). L समजा 9 ठेवला. वाऱ्याचा परिणाम दहा टक्क्यांवर येतो, पण सेन्सरची नव्वद टक्के चूक ड्रोन खरी मानून चालतो. S + T = 1 हे समीकरण कोणत्याही नियंत्रकाला चुकवता येत नाही.

सुटका एवढीच, की वारा सावकाश बदलतो आणि कंपन सेकंदाला शंभराहून जास्त वेळा होतं. म्हणून संथ बदलांसाठी L मोठा ठेवतात, जलद बदलांसाठी लहान. L 0.1 असेल तिथे कंपनाचा जेमतेम नऊ टक्के भाग हालचालीत उतरतो.

खरी कसोटी मधल्या पट्ट्यात लागते, जिथे L चं मान 1 असतं. सेन्सर, फिल्टर आणि मोटार यांना लागणाऱ्या वेळामुळे उत्तर उशिरा पोहोचतं. फेज मार्जिन 60 अंश असेल तर तिथे S आणि T दोन्हींचं मान 1 राहतं. ते 30 अंशांवर आलं की दोन्ही सुमारे 1.9 होतात. त्यांच्या कला वेगळ्या असल्याने बेरीज तरीही 1 भरते, पण त्या पट्ट्यातला धक्का आणि खोटा आकडा जवळपास दुप्पट होतात. हेंड्रिक बोडे यांनी 1945च्या आपल्या ग्रंथात फीडबॅकची ही मर्यादा गणिताने मांडली: मुळात स्थिर असलेल्या अशा यंत्रणेत S एका पट्ट्यात दाबला की दुसरीकडे तो 1 च्या वर चढतोच.

गेन जास्त झाल्याची खूण उड्डाणात दिसते. झटक्यात वळवल्यावर ड्रोन थरथरत राहतो आणि उतरल्यावर मोटारी तापलेल्या लागतात, कारण कंपन नियंत्रकातून वाढून त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. अशा वेळी फिल्टर कडक करावासा वाटतो, पण कडक फिल्टर म्हणजे आणखी उशीर, म्हणजेच आणखी कमी फेज मार्जिन. त्यापेक्षा आधी पंखे नीट संतुलित करावेत आणि सेन्सरखाली मऊ रबर बसवावं. खोटा आकडा मुळातच कमी झाला, तर वाऱ्यासाठी गेन वाढवायला जागा मिळते.