वर्णनावरून वर्ग आकृती
वर्ग आकृती, अर्थात क्लास डायग्राम, काढताना वर्णनातील नामांतून वर्ग व गुणधर्म, तर क्रियापदांतून संबंध शोधले जातात. ‘सभासद पुस्तकाची प्रत नेतो व ठरलेल्या दिनांकापर्यंत परत करतो’ या ग्रंथालयाच्या वर्णनात पुस्तक आणि प्रत हे वेगळे वर्ग होत. शीर्षक हा पुस्तकाचा गुणधर्म, दाखल क्रमांक प्रतीचा. संबंधरेषेच्या प्रतीकडील टोकाला `1..*` लिहितात.

परतीचा दिनांक मात्र अडचणीचा ठरतो. तो सभासदात ठेवल्यास दोन प्रती नेणाऱ्याचे दोन दिनांक मावत नाहीत. प्रतीत ठेवल्यास पुढील वेळी जुनी नोंद पुसली जाते. म्हणून सभासद व प्रत यांना जोडणारा ‘देवघेव’ हा स्वतंत्र वर्ग करून दिनांक तेथे ठेवतात. हे नाम वर्णनात कोठेच नसल्याने केवळ नामे अधोरेखित करणाऱ्या विद्यार्थ्याकडून ते हमखास सुटते.