लीड दोनशेला, गिऱ्हाईक कितीला?

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्या कुठल्याही व्यावसायिकाला विचारा, लीड कितीला पडते? आकडा तोंडपाठ असतो. गिऱ्हाईक कितीला पडतं, असं विचारलं की तो जाहिरात चालवणाऱ्या मुलाकडे बघायला लागतो. यात त्याचा फारसा दोष नाही. लीडचा भाव मोबाइलच्या पडद्यावर आयता दिसतो, कारण फॉर्म किती जणांनी भरला हे मेटा कंपनीला ठाऊक असतं. त्यातल्या कुणी पुढे ऑर्डर दिली हे मात्र दुकानाच्या वहीतच असतं, आणि ती वही जाहिरातीच्या खात्याशी क्वचितच जुळवली जाते.

पुण्यातल्या एका किचन ट्रॉलीच्या व्यवसायाचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण त्यांची चाल या धंद्यातल्या माणसाला ओळखीची वाटेल. महिन्याला जाहिरातीवर ४०,००० रुपये जातात आणि २०० लीड्स येतात, म्हणजे लीड २०० रुपयांना पडली. त्या २०० जणांतले बरेच फोनच उचलत नाहीत. काहींनी फॉर्म चुकून भरलेला असतो, काही भाड्याच्या घरात राहतात, काहींना फक्त भाव काढायचा असतो. शेवटी ४० घरी माणूस जाऊन मापं घेतो, कोटेशन देतो आणि ८ ऑर्डरी पक्क्या होतात. ४०,००० भागिले ८, म्हणून मालक म्हणतो, गिऱ्हाईक ५,००० रुपयांना पडलं.

पण हा हिशेब अर्धा आहे. फोन करणारी मुलगी महिन्यातला मोठा वेळ याच लीड्सवर घालवते, तेव्हा तिच्या पगारातले १२,००० इथे धरायला हवेत. ४० घरी जाण्याचा खर्च प्रत्येकी ३०० रुपयांनी १२,००० होतो. व्हिडिओ आणि फोटोंचे ६,०००. एकूण ७०,००० झाले आणि गिऱ्हाईक ८,७५० रुपयांना पडलं. (जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटीही लागतो. नियमित नोंदणी असेल आणि जाहिरात खात्यात जीएसटी क्रमांक भरलेला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असलेल्याला ते मिळत नाही, त्याने तो सरळ खर्चात धरावा.)

८,७५० महाग की स्वस्त, हे एका ऑर्डरमागे काय उरतं त्यावर ठरतं. ऑर्डर १,८०,००० ची असली तरी प्लाय, हार्डवेअर, मजुरी, टेम्पो आणि फिटिंग वजा जाता हाती ३६,००० राहतात असं धरू. तुलना या ३६,००० शी करायची, बिलाच्या रकमेशी नाही. शेडचं भाडं, ऑफिसचे पगार आणि मालकाचा नफाही यातूनच निघायचा आहे, म्हणून आपल्या मालकाने वरची मर्यादा १२,००० ठरवली. किचन बसवणारा गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं परत येत नाही. त्यामुळे चहापत्ती किंवा डब्याच्या व्यवसायासारखं ‘पहिल्या वेळी तोटा, पुढे वसूल’ असं इथे म्हणता येत नाही.

आता हे ७०,००० फोडून पाहू. दोन जाहिराती चालू होत्या, दोन्हींवर २०,००० खर्च. पहिलीत ‘९९,००० पासून किचन’ असा मोठा आकडा आणि नाव-नंबर आपोआप भरला जाणारा फॉर्म. तिने १५० लीड्स आणल्या, लीड १३३ रुपयांना. दुसरीत पूर्ण झालेल्या किचनचा व्हिडिओ, आणि फॉर्ममध्ये दोन जादा प्रश्न: घराचा ताबा कधी मिळतोय, बजेट किती. तिच्या लीड्स ५०, म्हणजे भाव ४००. पडद्यावर बघणारा कुणीही दुसरी बंद करून सगळा पैसा पहिलीवर टाकेल. मात्र ८ पैकी ६ ऑर्डरी दुसरीच्या निघाल्या. फोन आणि फेऱ्यांचा खर्च त्या त्या जाहिरातीवर टाकला तर पहिलीचं गिऱ्हाईक १९,३०० ला पडतं आणि दुसरीचं सुमारे ५,२०० ला. स्वस्त लीडचा खरा खर्च फोनवाल्या मुलीच्या दिवसात दडलेला होता.

अर्थात २ आणि ६ हे आकडे फार लहान आहेत. पुढच्या महिन्यात ते ३ आणि ५ होऊ शकतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची बेरीज पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. आणि बेरीज लीड आलेल्या महिन्याप्रमाणे करावी. किचनचा निर्णय व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. जूनमध्ये फॉर्म भरलेल्या माणसाने ऑगस्टमध्ये ॲडव्हान्स दिला तर ती ऑर्डर जूनच्या खर्चासमोर मांडायची. हे पाळलं नाही, तर ज्या महिन्यात खर्च वाढवला तो महिना कायम वाईट दिसतो आणि खर्च बंद केला तो महिना उगाच चांगला. यासाठी एका साध्या शीटमध्ये लीडची तारीख, कुठली जाहिरात, मापाची तारीख आणि ॲडव्हान्सची तारीख असे चार रकाने पुरतात. जाहिरातीचं नाव तेवढं लीड आली त्याच दिवशी लिहायचं. नंतर कुणाला आठवत नाही.

समजा तीन महिन्यांनीही दुसरीच जाहिरात सरस ठरली. मग पैसे वाढवायचे का? वाढवायचे, पण टप्प्याने. एका रात्रीत बजेट दुप्पट केलं तर कुणाला जाहिरात दाखवायची याचं मेटाच्या यंत्रणेचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. म्हणून या क्षेत्रातले लोक चार-पाच दिवसांच्या अंतराने वीसेक टक्के वाढवतात. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

खरी गफलत पुढे होते. पहिलीचे पैसे वळवून दुसरीचं बजेट ४०,००० वर नेलं. ऑर्डरी ६ च्या ९ झाल्या, सगळा खर्च ३१,४०० वरून ५६,७०० वर गेला. सरासरी गिऱ्हाईक ६,३०० ला. पण सरासरी बाजूला ठेवून फक्त वाढीव ३ ऑर्डरी बघा: त्यांच्यासाठी जादा २५,३०० गेले, म्हणजे प्रत्येकी ८,४०० च्या आसपास. १२,००० च्या आत आहे, ठीक आहे. आता ६०,००० वर नेलं, तर ऑर्डरी १० झाल्या आणि खर्च ८०,३००. सरासरी ८,०३०, अजूनही छान दिसते. पण ती दहावी ऑर्डर एकटी २३,६०० ला पडली.

असं होतं कारण ज्यांना किचन खरंच करायचं होतं ते त्या भागातले लोक आधीच सापडलेले असतात. मग तीच जाहिरात त्याच माणसांना पुन्हा पुन्हा दिसते किंवा कमी गरजू लोकांकडे जाते. पडद्यावर Frequency हा आकडा चढत असेल आणि त्याबरोबर लीडचा भावही, तर समजावं की भाग आटत आला आहे.

आपल्या मालकाने ४०,००० वर थांबायचं ठरवलं. त्याला आणखी एक कारण होतं: फिटिंगच्या एका टीमला महिन्यात दहाच्या वर किचन बसवता येत नाहीत, आणि ओळखीतून येणाऱ्या ऑर्डरी वेगळ्याच. वरचे २०,००० त्याने तळेगाव-चाकणकडच्या नव्या सोसायट्यांसाठी वेगळ्या व्हिडिओवर लावायचे ठरवले, तेही दुसरी टीम मिळाल्यावर. तिथला हिशेब शीटच्या नव्या पानावर, शून्यापासून.