ओवी, मग गद्य, मग इंग्रजी

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली रामनवमीला इथे नारायण जन्मला. तेच पुढे समर्थ रामदास झाले आणि गावाचे नाव जांब समर्थ पडले. त्यांच्या दासबोधाचे पारायण या भागातल्या अनेक घरांत होते. त्याच घरांतली पुढची पिढी मात्र पुण्या-मुंबईच्याही पलीकडे गेली आहे आणि तिच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. मग घरातले कोणीतरी जाणते माणूस हौसेने दासबोधाचे इंग्रजी करायला बसते. ओवी वाचायची आणि शेजारी इंग्रजी वाक्य लिहायचे, अशी सुरुवात होते. दहा-वीस ओव्यांनंतर काम अडते, कारण वाक्य इंग्रजीत उभे करायला जे लागते ते ओवीत दिसतच नाही.

ओवीच्या चार चरणांपैकी पहिल्या तीन चरणांची अखेर एकमेकांशी जुळते आणि चौथा आखूड असतो. तेवढ्या जागेत समर्थ विधान, त्याचे कारण आणि वर एक टोमणा बसवतात. बसत नाही ते सोडून देतात, आणि बहुधा कर्ताच सुटतो. क्रियापद कधी पुढच्या ओवीत सापडते. कुठे श्रोत्याने शंका काढलेली असते आणि पुढच्याच ओवीत वक्ता उत्तर देऊ लागतो, पण कोण बोलतो आहे हे सांगितलेले नसते. मराठी कान हे सगळे आपोआप भरून घेतो. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता लागतोच. तो अनुवादकाने मनातल्या मनात भरला की त्याची कुठे नोंद राहत नाही आणि चुकला तरी कोणाला कळत नाही. मधे आजच्या मराठीतले गद्य लिहायचे ते यासाठी. कवितेचा अर्थ लावताना आपण काय काय ठरवले, हे मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाला तपासता येईल अशा रूपात ते कागदावर उतरते.

हे गद्य नेहमीच्या ‘सार्थ’ पोथीतल्या अर्थापेक्षा वेगळे असते. के. वि. बेलसरे यांचा सार्थ दासबोध अनेकांनी वाचला असेल. ‘सार्थ’ ग्रंथ साधकासाठी असतो. त्यातल्या अर्थात थोडे विवरण यावे, थोडा उपदेश उलगडावा, हे तिथे योग्यच आहे. पण त्यावरून इंग्रजी केले तर वाचकाच्या हाती समर्थ आणि विवरणकार असे दोघे एकत्र पडतात, आणि कोणते वाक्य कोणाचे हे त्याला कळायला मार्ग नसतो. एका ओवीचे इंग्रजी सहा-सात ओळींचे झालेले दिसले की मला पहिली शंका हीच येते. म्हणून ‘सार्थ’ ग्रंथ अडल्या ठिकाणी विचारायला जवळ असावा, पण अनुवादाचे गद्य आपले आपण लिहावे.

ते लिहिण्याची रीत जुन्या पंडितांचीच आहे. आधी पदच्छेद, म्हणजे शब्द सुटे करायचे, कारण हस्तलिखितात शब्दांमधे जागा नसते आणि छापताना कोणीतरी ती पाडलेली असते. मग अन्वय. ओवीतलेच शब्द, एकही न वाढवता, गद्याच्या क्रमाने लावायचे. अन्वय लागला नाही तर अर्थ लागला नाही असे समजावे, भावार्थ कितीही छान सुचलेला असो. त्यानंतर आजच्या मराठीतले वाक्य लिहायचे आणि आपण घातलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात टाकायचा. पुढे पडताळा घेणे सोपे जाते. कंसातले शब्द झाकून उरलेले वाचावे, ते अन्वयाशी जुळले पाहिजे. जुळत नसेल तर कंसाबाहेर आपण काहीतरी पदरचे घातले आहे. उलट कंसच जास्त झाले असतील, तर त्या ओवीत दोन अर्थ शक्य आहेत का हे पाहावे, आणि असतील तर दोन्ही लिहून ठेवावेत.

अन्वय लावताना आजच्या वाचकाची पंचाईत करतात ते अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्या आधी शिकलेल्यांना ‘मुखें’ म्हणजे ‘मुखाने’ हे डोळ्यांनीच कळत असे. ‘करावें’ आणि ‘करावे’ यांतला फरकही दिसत असे, पहिले नपुंसकलिंगी एकवचन आणि दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. आपल्या पिढीला ते टिंब म्हणजे जुन्या छपाईची नक्षी वाटते. दासबोधात मात्र कर्ता कोण आणि साधन कोणते हे पुष्कळदा तेच टिंब सांगते. म्हणून ज्या प्रतीत अनुस्वार गाळले आहेत ती पारायणाला चालेल, या कामाला नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मराठवाड्यातल्याच डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी प्रत मिळवून तिच्यावरून १९०५ साली दासबोध छापला. तिच्यावर आधारलेला, अनुस्वार राखलेला पाठ समोर ठेवावा.

एक समास घेऊन पाहू. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रियानिरूपण. ग्रंथाची नक्कल कशी करावी हे समर्थ इथे सांगतात. अध्यात्म नाही, गूढ नाही, सगळा हाताचा व्यवहार. म्हणून तो सोपा वाटतो.

पहिल्याच ओवीत ‘ब्राह्मणें’ हा शब्द तृतीयेत आहे, आणि करायचे काय तर ‘बाळबोध’ अक्षर सुंदर करायचे. आज आपण एखाद्याच्या लिखाणाला बाळबोध म्हणतो तेव्हा ते पोरकट आहे असे सुचवतो. तिथून थेट इंग्रजीत गेले की लहान मुलासारखे अक्षर काढा, असा उपदेश तयार होतो. समर्थांच्या काळी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी. दफ्तराचे लिहिणे मोडीत होई आणि ग्रंथ बाळबोधीत. गद्यात ‘बाळबोध [म्हणजे मोडी नव्हे, देवनागरी] अक्षर’ असे आले की पुढे घोटाळा होत नाही. त्याच ओवीत ‘घडसणे’ हे क्रियापद आहे, त्यात घासून-घोटून सुबक करणे आहे. ‘सराव करून’ एवढ्यावर गद्य थांबले तर हाताचे कष्ट निघून जातात. आणि ‘ब्राह्मणें’चे काय? आजच्या वाचकाला बरे वाटावे म्हणून ‘लेखकाने’ लिहिण्याचा मोह होतो. मी तो मोह टाळण्याच्या बाजूचा आहे. ग्रंथलेखन कोणाच्या हाती होते हे त्या शब्दाने नोंदले आहे. खटकले तर टीप द्यावी, शब्द बदलू नये.

पुढे अक्षराच्या आकाराची ओवी आहे. तरुणपणी बारीक लिहिले तर ते म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावे, असा तिचा आशय. म्हातारपण कोणाचे? ओवीत सांगितलेले नाही. अन्वय लावला की कळते, लिहिणाराच पुढे म्हातारा होऊन आपलीच पोथी वाचायला घेणार आहे. गद्यात तिथे ‘[लिहिणाऱ्याच्या]’ असा कंस पडतो. तो न टाकता केलेल्या इंग्रजीत बारीक अक्षर हे म्हाताऱ्या लोकांसाठी वाईट, असे सर्वसाधारण वाक्य उरते, आणि स्वतःसाठी नक्कल करणारा तो माणूस हरवतो.

पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधे लिहावे, असेही सांगितले आहे. कारण असे की कागद झडला तरी अक्षर झडू नये. इथे कारण आणि सूचना वेगवेगळ्या चरणांत आहेत आणि त्यांना जोडणारा ‘म्हणजे’ किंवा ‘म्हणून’ ओवीत नाही. गद्यात तो जोडशब्द कंसात घालावा. इंग्रजीत तो ठेवायचा की समर्थांसारखी दोन तुटक वाक्ये ठेवायची, हे नंतर ठरवता येते. माझे मत तुटकपणाच्या बाजूने आहे.

मग साहित्याची यादी येते: ठिकठिकाणचे बोरू, नाना रंग, चाकू, कात्री, खळ, कागद घोटायची साधने. ‘नाना’ हा समर्थांचा हातखंडा शब्द. कधी तो खरोखर विविधता सांगतो, कधी नुसता ओवीचा ताल धरतो. दर वेळी इंग्रजीत ‘विविध’ आले तर यादी सरकारी निविदेसारखी वाटते. गद्यातच ठरवावे, इथे ठेवायचा की सोडायचा. आणि ‘वगैरे साहित्य’ लिहून यादी गुंडाळू नये. खळ म्हणजे कागदाला द्यायची पेज. ती दिली आणि कागद घोटला की शाई पसरत नाही. हे माहीत नसेल तर कोणाला तरी विचारावे, कारण गद्यात पुसट राहिलेली वस्तू इंग्रजीत नाहीशीच होते.

बाळबोध शब्दाने जे केले तेच त्याच दशकातले आणखी काही शब्द करतात. मधल्या गद्यातला खरा धोका इथे आहे. जो शब्द अगदीच जुना आहे, तो अनुवादक शोधतो, कोश उघडतो. जो आजही चालू आहे, तो तसाच गद्यात उतरतो आणि तिथून तसाच पुढे जातो. एकोणिसाव्या दशकात आठवा समास उपाधिलक्षण आहे आणि नववा राजकारणनिरूपण. आज उपाधी म्हटले की पदवी आठवते. समर्थांची उपाधी म्हणजे अंगावर घेतलेला लोकांचा, कामांचा, मठाचा व्याप. राजकारण म्हणजे पक्षांची निवडणूक नव्हे. माणसे ओळखून, कोणाला जवळ आणि कोणाला दूर ठेवायचे हे जाणून, गाजावाजा न करता समुदाय चालवण्याची हुशारी त्यात आहे. ‘साक्षेप’ही तसाच. साक्षेपी संपादक म्हणताना आपल्याला चिकित्सा अभिप्रेत असते, समर्थांना मेहनत आणि नेट. म्हणून गद्य झाल्यावर ओवीतले जे शब्द न बदलता आले असतील तेवढे अधोरेखित करावेत आणि प्रत्येकाला विचारावे, तुझा अर्थ तोच राहिला आहे ना? ‘विवेक’, ‘श्रवण’ यांच्यासारखे थोडे शब्द टिकतील. बाकीच्यांसाठी कंस लागतात.

गद्याने काय जाते हेही कबूल करायला हवे. तीन चरणांचा वेग घेऊन चौथ्या आखूड चरणात जो ठोसा बसतो, तो गद्यात सरळ होऊन जातो. वाक्य कळते, पण बोलणाऱ्याचा करडेपणा ऐकू येत नाही. म्हणून इंग्रजी फक्त गद्यावरून करू नये. पहिला मसुदा गद्य समोर ठेवून करावा, म्हणजे कर्ता, काळ, जोडशब्द पक्के होतात. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी गद्य बाजूला ठेवून ओवी मोठ्याने म्हणावी आणि इंग्रजीतले अखेरचे वाक्य तेवढेच आखूड होते का ते पाहावे. गद्याच्या स्पष्टतेसाठी घातलेले निम्मे जोडशब्द या वेळी काढता येतात, आणि ते कंसात असल्यामुळे कोणते काढायचे हे शोधावे लागत नाही.

दोन माणसे असली तर काम बरे होते. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी मालिका काढली. १९३२ साली तिच्यात महिपतींच्या संतविजयावरून केलेले रामदासचरित्र आले. भक्तिविजयाच्या अनुवादावर अॅबट यांच्या बरोबरीने पंडित नरहर गोडबोले यांचेही नाव आहे. घरच्या कामातही अशी जोडी जमवता येते. ओवी मुखोद्गत असलेल्या वडीलधाऱ्याने अन्वय आणि गद्य करावे, इंग्रजी नातीने किंवा भाच्याने करावे. मग तिसऱ्याने फक्त इंग्रजी वाचून ही कोणती ओवी हे पोथीत शोधून दाखवावे. समासातल्या वीसेक ओव्यांपैकी जिथे त्याचे बोट भलत्याच ओवीवर पडेल, तिथले गद्य पुन्हा उघडावे. बहुतेक वेळा तिथे एखादा कंस राहून गेलेला असतो.