माझा पत्ता तुमच्याकडे कसा?

पुण्यातली एक छोटी कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीचे वेळापत्रक सांभाळणारे सॉफ्टवेअर विकते, असे समजू. तिचा विक्री प्रतिनिधी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या खरेदी व्यवस्थापकांना ईमेल पाठवतो. तासाभरात एका ओळीचे उत्तर येते : ‘माझा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला?’

नवखा प्रतिनिधी अशा वेळी ‘आमच्या डेटाबेसमधून’ असे लिहून मोकळा होतो. पण डेटाबेसमध्ये तो पत्ता आला कुठून, हाच तर साहेबांचा प्रश्न होता. याहून वाईट उत्तर म्हणजे ‘आपणच आमच्या वेबसाइटवर नोंदणी केली होती’. ही थाप चटकन पकडली जाते. जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिकचे चिन्ह देऊन एखादा शब्द जोडला, तरी पत्र त्याच पेटीत येते. त्यामुळे काही जण प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द जोडून पत्ता देतात आणि तो कुणाकडून बाहेर गेला हे त्यांना आधीच माहीत असते. असा माणूस प्रश्न विचारतो तो समोरचा खरे बोलतो का, एवढेच पाहायला.

पत्ता मिळण्याच्या वाटा तशा मोजक्याच असतात. प्रदर्शनात घेतलेले व्हिजिटिंग कार्ड, कंपनीची वेबसाइट, उद्योजक संघटनेची डिरेक्टरी, कुणा ओळखीच्याने दिलेला संदर्भ किंवा विकत घेतलेली यादी. आणखी एक वाट मात्र कुणी सहसा कबूल करत नाही, ती अंदाजाची. एखाद्या कंपनीतले दोन-तीन पत्ते पाहिले की ‘नाव, टिंब, आडनाव’ असा साचा लक्षात येतो. मग साहेबांचे नाव लिंक्डइनवरून घेऊन पत्ता जुळवला जातो. आपल्या प्रतिनिधीनेही हेच केले होते. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगण्याजोगे दुसरे काही खरे नाही. त्याने त्याच दिवशी असे उत्तर द्यायला हवे :

‘नमस्कार सर. आपले नाव आणि पद मी लिंक्डइनवर पाहिले. ईमेल पत्ता मला कुणी दिलेला नाही. आपल्या कंपनीच्या वेबसाइटवरचे इतर पत्ते पाहून मी तो अंदाजाने लिहिला. आपले नाव, पद आणि हा पत्ता याखेरीज आपली काही माहिती माझ्याकडे नाही व ती मी कुणाला दिलेली नाही. आपण सांगितलेत तर यापुढे आमच्याकडून पत्र येणार नाही. त्रास झाला असल्यास क्षमस्व.’

या पत्रात सॉफ्टवेअरचे नावही नाही, आणि ते मुद्दाम. खुलाशाच्या शेवटी ‘तरीही दहा मिनिटांचा डेमो पाहाल का?’ असे जोडले, की वरचे सगळे खरे असूनही विक्रीची युक्ती वाटू लागते.

असे उत्तर देता यायचे तर पत्ता यादीत चढवतानाच त्याचा उगम, तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव लिहिलेले हवे. सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. नोंद नसेल, तर ‘हा पत्ता आमच्या जुन्या यादीत आहे, तो कुठून आला याची नोंद आम्ही ठेवलेली नाही’ असे लिहावे. ते ऐकायला बरे नाही, पण बनवलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी बरे.

परदेशी ग्राहकांच्या बाबतीत हा निव्वळ सौजन्याचा मामला उरत नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्याच्या कलम 14 नुसार, माहिती त्या व्यक्तीकडून थेट घेतलेली नसेल तर ती कुठून मिळाली हे आपणहून सांगावे लागते; तीच माहिती संपर्कासाठी वापरायची असेल तर उशिरात उशिरा पहिल्या पत्रातच. जर्मनीत तर जाहिरातीचा ईमेल पाठवायला, कंपनीच्या पत्त्यावरही, साधारणपणे आधी संमती लागते. भारताच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे. मात्र साहेबांनी लिंक्डइनवर नाव टाकले होते, ईमेल पत्ता नव्हे. अंदाजाने जुळवलेल्या पत्त्याला या सवलतीचा आधार घेणे अवघड आहे.

समजा, साहेबांनी लिहिले, ‘माझी माहिती काढून टाका.’ प्रतिनिधी ती ओळ पुसतो आणि काम झाले असे मानतो. पुढच्या तिमाहीत दुसरा सहकारी तोच साचा वापरून तोच पत्ता पुन्हा जुळवतो आणि साहेबांना पुन्हा पत्र जाते. म्हणून नाव, पद, टिपणे पुसून फक्त पत्ता ‘संपर्क करू नये’ अशा वेगळ्या यादीत ठेवतात आणि प्रत्येक नवी यादी आधी तिच्याशी ताडून पाहतात. तो पत्ता कशासाठी ठेवला आहे, हेही साहेबांना एका वाक्यात कळवायचे असते.