माझं अजून संपलेलं नाही

मार्गारेट थॅचर म्हणजे समोरच्याला गप्प करणारी बाई, अशी त्यांची जगभर ख्याती. तरीही दूरचित्रवाणीच्या मुलाखतींत मुलाखतकार त्यांनाच वरचेवर मध्ये तोडत. असं का होतं, हे जेफ्री बीटी, अ‍ॅन कटलर आणि मार्क पिअर्सन या अभ्यासकांनी शोधलं आणि १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात छापून आला. त्यांनी मुलाखतीचे छोटे तुकडे लोकांपुढे ठेवले आणि विचारलं, इथे बाईंचं बोलून झालंय का? जिथे थॅचर यांना तोडलं गेलं होतं, नेमक्या त्याच तुकड्यांबाबत अनेकांना वाटलं की झालंय. प्रत्यक्षात त्यांना पुढे बरंच बोलायचं होतं. घोळ आवाजाच्या उतारात होता. विचार अर्धवट असतानाही त्यांचा स्वर वाक्याच्या शेवटी झपकन खाली येई, आणि असा उतार म्हणजे ऐकणाऱ्याला ‘आता तुम्ही बोला’ अशी खूण वाटते.

मीटिंगमध्ये सतत मध्ये बोलणारा सहकारी उद्धट असेलही. पण तो घुसतो ती जागा बहुतेक वेळा ठरलेली असते. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की गप्पांमध्ये पाळी बदलते ती वाक्य पुरं होण्याच्या ठिकाणी, आणि ते ठिकाण ऐकणाऱ्याला आधीच दिसू लागतं. पुढे २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात आढळलं. मनात एक शब्द जुळवून तोंडावर आणायला मात्र याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजेच ऐकणारा तुमचं वाक्य संपायची वाट बघत बसत नाही. ते संपत आलंय असा अंदाज आला की त्याचं वाक्य तयार व्हायला लागलेलं असतं.

एक प्रसंग धरून चालू. कारखान्यातली मासिक आढावा बैठक आहे. क्वालिटीची इंजिनिअर सांगते, “गेल्या महिन्यात रिजेक्शन वाढलंय.” ती श्वास घेते. तेवढ्यात प्रॉडक्शनचा सहकारी म्हणतो, “ते मटेरियलमुळे. सप्लायरशी बोललोय मी.” पुढची दहा मिनिटं सप्लायरवर चर्चा होते. रात्रपाळीत मोजमापाचं गेज तपासलंच जात नाही, हे तिला सांगायचं होतं, ते तिच्या वहीतच राहतं.

तिने श्वास घेतला तो ‘वाढलंय’च्या पुढे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे ‘आहे’, ‘झालं’, ‘वाढलंय’ कानावर पडलं की वाक्य संपल्याची घंटाच वाजते. पण हीच रचना बोलणाऱ्याच्या उपयोगाचीही आहे. ‘वाढल्यामुळे’, ‘बघितल्यावर’, ‘तपासून’, ‘असेल तर’ या शब्दांवर कुणी थांबलं तर पुढे काहीतरी येणार, हे शाळकरी मुलालाही कळतं. तेव्हा श्वास घ्यायचा तो अशा अधांतरी शब्दावर. तीच इंजिनिअर असं म्हणू शकली असती: “रिजेक्शन वाढायची दोन कारणं दिसतात, पहिलं मटेरियल, ते सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरं…” इथे श्वास. “दुसरं रात्रपाळीतलं, तिथे गेज तपासलं जात नाही.”

या वाक्यात तिने तीन गोष्टी साधल्या. मुद्दे किती ते आधीच सांगितलं, त्यामुळे पहिल्यानंतर कुणी बोललं तर सगळ्यांना ते मध्ये बोलणं वाटेल. सहकारी जे बोलणार होता ते तिनेच एका फटक्यात बोलून टाकलं. आणि ‘माहीत आहे’ हा धोक्याचा शब्द तिने न थांबता, किंचित वेग वाढवून ओलांडला. मुद्द्यांची संख्या मात्र लहान हवी. ‘माझे सात मुद्दे आहेत’ म्हणणाऱ्याला तोडलं तर खोलीतल्या अर्ध्या लोकांना मनातून बरंच वाटतं.

एवढं करूनही तो घुसलाच तर? दोघं एकदम बोलायला लागतात तेव्हाचं निरीक्षण शेग्लॉफ यांनी २००० मध्ये मांडलं: असे बहुतेक प्रसंग एकदोन अक्षरांतच मिटतात, कारण कुणीतरी एक जण थांबतो. सभ्य माणूस लगेच थांबतो आणि पाळी गमावतो. म्हणून त्या दोनतीन अक्षरांपुरतं टिकून राहायचं. आवाज चढवायची गरज नसते. त्याच पट्टीत तेच शब्द पुन्हा म्हणायचे, “रात्रपाळीत… रात्रपाळीत गेज…” आणि नजर तोडणाऱ्याकडे न नेता बैठक चालवणाऱ्याकडे ठेवायची. बोलणारा माणूस एरवी वाक्य संपवताना समोरच्याकडे बघतो. त्यामुळे चिडून सहकाऱ्याकडे बघणं म्हणजे नकळत पाळी त्याच्या हातात देणं.

पाळी गेलीच, तर ती परत घेताना तक्रारीपेक्षा धागा दाखवणं सोपं जातं. “तुम्ही मला बोलूच देत नाही” म्हटलं की चर्चा वागणुकीवर जाते आणि गेज पुन्हा बाजूला पडतं. त्याचं वाक्य संपत आलं की, “सर, रात्रपाळीच्या गेजचं अर्धं राहिलंय, तेवढं पूर्ण करते,” एवढं पुरतं.

मध्ये उठणारा प्रत्येक आवाज शत्रूचा नसतो, हेही खरं. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका जेवणाच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून तपासल्या. काहींसाठी एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळणं ही आपुलकी होती. आपल्याकडच्या ‘हो हो, अगदी बरोबर’चंही तसंच आहे. फरक ओळखायचा तो पुढच्या वाक्यावरून. विषय तुमच्याकडे परत आला तर ती साथ होती. तो घेऊन गेला तर नाही.

एकट्याच्या युक्त्या कुठवर पुरतात, याचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सापडतं. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी २०१७ मध्ये तिथल्या सुनावण्यांच्या नोंदी तपासल्या. २०१५ च्या सत्रात जेवढ्यांदा न्यायमूर्तींचं बोलणं तोडलं गेलं, त्यातला सुमारे दोनतृतीयांश वाटा तिथल्या तीन महिला न्यायमूर्तींच्या वाट्याला आला होता. या महिला सुरुवातीच्या काळात ‘मी विचारू का’, ‘माफ करा’ अशा शब्दांनी प्रश्न सुरू करत. प्रश्न येण्याआधीच्या त्या दोन शब्दांत दुसऱ्याला घुसायला जागा मिळे. वर्षं गेली तशा त्या थेट प्रश्नावर येऊ लागल्या. तरीही तोडणं थांबलं नाही.

अखेर ऑक्टोबर २०२१ पासून न्यायालयाने पद्धतच बदलली. वकिलाचा खुला वेळ संपला की प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेनुसार एकेकट्याने प्रश्न विचारायची संधी मिळू लागली. या बदलामागे अशा अभ्यासांचाही वाटा होता, असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी सांगितलं.

कारखान्यातल्या त्या बैठकीत हे काम अध्यक्षाचं. पण बहुतेक अध्यक्षांना ते आपणहून सुचत नाही, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये डोकावून विचारावं लागतं: “सर, उद्या माझं पाच मिनिटांचं आहे. प्रश्न शेवटी घ्यायचे असं सुरुवातीलाच सांगाल का?” हे वाक्य अध्यक्षाच्या तोंडून सगळ्यांसमोर आलं की मग मध्ये बोलणारा तिच्या नव्हे, साहेबांच्या शब्दाबाहेर जात असतो.